अण्णांच्या आभारपत्राचा मसुदा (सोसायटी ग्रुप)

बी-203: सर्व सभासदांना नमस्कार. कोपऱ्यावरचे अण्णांचे दाढी-कटिंगचे दुकान चाळीस वर्षांनंतर या महिनाअखेरीस बंद होत आहे. शुक्रवारी मी आभारपत्राचा मसुदा येथे टाकला होता. त्याखाली पार्किंगविषयी तेवीस संदेश आले आणि पत्राविषयी एकही आला नाही, याचे मला वाईट वाटले. मसुदा पुन्हा देत आहे. कृपया वाचून मत द्यावे.

"अण्णा, बाबांना अर्धांगवायू झाल्यावर चौदा महिने तुम्ही दर मंगळवारी, म्हणजे तुमच्या सुट्टीच्या दिवशी, घरी येऊन त्यांची दाढी केलीत. त्याआधी मी दोनदा प्रयत्न केला होता. दोन्ही वेळा जबड्याखाली कापले, आणि रक्त पातळ करण्याची गोळी चालू असल्यामुळे रक्त लवकर थांबेना. तुम्ही आलात ते साबण काढण्याआधी गोळ्यांची चौकशी केलीत, मग त्यांच्या गळ्यावरून बोट उलटसुलट फिरवून केसांचा कल पाहिलात. एका बाजूचे केस खाली न जाता कानाकडे वळलेले होते आणि मी नेमका तेथेच वरून खाली रेझर ओढत होतो, हे मला तेव्हा कळले.

फेस तोंडात जाऊन ठसका लागू नये म्हणून तुम्ही त्यांना उशांच्या आधाराने बसते केलेत. गरम पाण्यात पिळलेला पंचा आधी स्वतःच्या मनगटावर धरून पाहिलात, कारण त्यांच्या उजव्या गालाला संवेदना नव्हती. चटका बसला असता तरी त्यांना सांगता आले नसते. तीन-चार मिनिटे पंचा ठेवून केस मऊ झाल्यावरच वस्तऱ्यात नवी अर्धी पत्ती घातलीत. गाल फुगवणे त्यांना जमत नव्हते, म्हणून अंगठ्याने कातडी कानाकडे ताणून, जेमतेम बोटाच्या पेराएवढे हात मारत दाढी केलीत. उलटी दाढी एकदाही केली नाहीत. खुंट राहिले तर राहू देत, असे तुम्ही म्हणालात. एकदाच ओठाखाली ओरखडा गेला, तेव्हा स्वच्छ कापड दाबून, मध्ये उचलून न पाहता, दहा मिनिटे धरून बसलात. तुरटीचा खडा नंतर लावलात, आणि तोही दुकानातला नव्हे, बाबांसाठी वेगळा ठेवलेला."

सी-101: मजकूर मनापासून लिहिलेला आहे, परंतु पत्र सोसायटीचे आहे की एका कुटुंबाचे? चार ओळींचे कार्ड आणि सोबत कुंदा दिला तर सर्वांचाच मान राहील.

ए-302: पत्र कन्नडमध्येही असावे. अण्णांच्या घरची भाषा कन्नड आहे.

सी-101: अण्णा चाळीस वर्षे आमच्याशी मराठीत बोलत आले आहेत. दुकानात 'तरुण भारत' वाचतात. येथे भाषेचा प्रश्न आणू नये, ही विनंती.

ए-302: मी प्रश्न आणलेला नाही. पत्र त्यांची नातवंडेही वाचतील. पत्र कन्नडमध्येही असावे.

बी-401 वहिनी: भाषेचे नंतर ठरवा. माझ्या सासऱ्यांनाही तीच गोळी चालू आहे आणि अण्णा आता येणार नाहीत. आम्ही काय करावे?

बी-203: वहिनी, हेच मी अण्णांना विचारले होते. सराव नसलेल्या हाताने पत्ती धरूच नये, ट्रिमर वापरावा आणि तोही कातडीवर न दाबता फिरवावा, असे त्यांनी सांगितले. दाढी बारीक दिसेल, गुळगुळीत होणार नाही. दहा-पंधरा मिनिटे दाबून धरूनही रक्त थांबले नाही, तर मात्र डॉक्टरांकडे जावे.

ए-104 काका: आज सर्वांना अण्णांची आठवण येत आहे, हे चांगलेच आहे. तथापि त्यांनी गिऱ्हाइकांसाठी आपल्या कुंपणालगत बाक ठेवला, तेव्हा तो उचलायला लावणारा ठराव याच सोसायटीने केला होता. पत्रात त्याचाही उल्लेख व्हावा.

सी-101: काका, तो ठराव रहदारीसाठी होता आणि त्यावर आपलीही सही आहे.

ए-104 काका: होय, आहे. म्हणूनच मी सांगत आहे.

चिटणीस: आदरणीय सभासदांनी विषय सोडू नये. बी-203 यांचे पत्र त्यांच्या नावाने जसेच्या तसे जाईल. सोसायटीच्या चार ओळी वेगळ्या असतील आणि बाकाविषयीची दिलगिरी काका स्वतः लिहितील. रविवारी दुकानात गर्दी असते, म्हणून मंगळवारी सायंकाळी त्यांच्या घरी जावे.

ए-302: पत्र कन्नडमध्येही असावे.

बी-203: ताई, आपले म्हणणे योग्य आहे. भाषांतर आपणच कराल का? फक्त वस्तरा आणि पंचा यांचा क्रम बदलू नये.

ए-302: आनंदाने करीन. एकच शब्द अडतो आहे. 'उलटी दाढी' याला अण्णा कन्नड गिऱ्हाइकांशी बोलताना काय म्हणतात, हे कोणी ऐकले आहे का?