मदत हवी आहे: डिपॉझिशनचा टॉपिकवाइज डायजेस्ट केलाय, लाइन रेफरन्स जुळत नाहीयेत म्हणतात

रसिका_पुणे
अर्जंट आहे. पुण्यात एलपीओत काम करते, क्लायंट अमेरिकन लॉ फर्म. एका स्टोअर मॅनेजरच्या डिपॉझिशनचा डायजेस्ट केला, केस अशी की दुकानात फरशीवर पाणी होतं आणि एक बाई घसरून पडल्या. सगळं टॉपिकप्रमाणे लावलंय, साफसफाई, कॅमेरा, पडल्यानंतर काय केलं वगैरे, आणि प्रत्येक मुद्द्यापुढे पान आणि ओळ दिलीय. तिकडच्या पॅरालीगलने परत पाठवलं, रेफरन्स चुकलेत म्हणून. मी परत उघडून बघितलं तर माझ्याकडे सगळे तंतोतंत बरोबर आहेत!! कुणाला असा अनुभव आहे का, आज रात्रीच परत द्यायचंय.

विवेक_ठाणे
कुठली फाइल? पीडीएफ का टेक्स्ट? पान कुठलं धरलंय, पीडीएफ व्ह्यूअरमध्ये दिसतं ते का कागदावर छापलेलं?

रसिका_पुणे
फाइल म्हणजे ट्रान्सक्रिप्टच की, आमच्या टीम लीडने मेल केलेली. पान छापलेलंच धरलंय, एवढं कळतं.

वकीलकाका_सातारा
ताई, साक्षीदाराच्या जबाबाला पान-ओळ कशाला हवी? परिच्छेद क्रमांक द्या. आमच्याकडे सरतपासणी शपथपत्रावर येते, उलटतपासणी कोर्टात लिहून घेतात, पॅऱ्यांना नंबर असतात, युक्तिवादात 'उलटतपास परिच्छेद १४' म्हटलं की न्यायाधीशांना लगेच सापडतं. मी तर समासात लाल पेनाने विषय लिहितो, इतकी वर्षं काही अडलं नाही.

विवेक_ठाणे
काका, हे अमेरिकेतलं आहे. तिथे डिपॉझिशन कोर्टात होत नाही, वकिलाच्या ऑफिसात स्टेनोसमोर होतं, शब्दन् शब्द प्रश्नोत्तरात टाइप होतो. परिच्छेद नसतातच.

निखिल_एडिसन
मी इकडे न्यू जर्सीत पॅरालीगल आहे. रसिका, आधी दोन गोष्टी सांगा. फरक किती आहे, आणि सगळीकडे सारखाच आहे का पुढे पुढे वाढत जातो? आणि प्रत्येक पानाच्या वर किंवा खाली काही शिक्का आहे का?

रसिका_पुणे
त्यांनी पाठवलेली लिस्ट आत्ता नीट बघितली. सुरुवातीचे जुळतायत, साठाव्या पानाच्या पुढे दोन-तीन ओळी सरकलेत, शेवटी शेवटी तर जवळजवळ अख्खं पान. वर 'रफ ड्राफ्ट, नॉट सर्टिफाइड' असं लिहिलंय पण ते सगळ्याच पानांवर आहे.

निखिल_एडिसन
तेच कारण आहे. रफ म्हणजे स्टेनोने न तपासता त्याच दिवशी दिलेली कॉपी. नंतर ती नोट्सशी ताडून बघते, सुटलेले शब्द भरते, बोलणाऱ्यांची नावं नीट करते, आणि पानाला २५ ओळी ठरलेल्या असल्यामुळे एक ओळ वाढली की पुढचं सगळं खाली सरकतं. म्हणून तुमचा फरक वाढत गेलाय. व्ह्यूअरचं पान धरलं असतं तर कव्हर आणि हजर वकिलांची पानं मोजली जाऊन फरक पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखा आला असता. त्यांच्याकडून सर्टिफाइड कॉपी मागा. आणि सरसकट तीन ओळी वाढवून देऊ नका, प्रत्येक नोंदीतला एक ठळक शब्द नव्या फाइलमध्ये शोधून तिथला नंबर घ्या.

एक्सेलवाला
हे सगळं एक्सेलमध्ये असतं तर हा ताप झालाच नसता. एका कॉलममध्ये टॉपिक, एकात मुद्दा, एकात रेफरन्स, मग टॉपिकवर सॉर्ट मारा, डायजेस्ट तयार! वर्डमध्ये करणारे लोक अजून आहेत याचंच आश्चर्य वाटतं.

विवेक_ठाणे
सेलमध्ये `41:8` टाइप करून बघा, एक्सेल त्याला वेळ समजतं आणि `41:08:00` करून टाकतं. टेक्स्ट फॉरमॅट ठेवलात तर सॉर्ट केल्यावर ११२ वं पान ४१ च्या आधी येतं. पान एका कॉलममध्ये, ओळ दुसऱ्यात, नुसते आकडे, तरच चालतं.

एक्सेलवाला
तेच तर म्हणतोय, एक्सेलमध्येच करा, कॉलम वाढवा.

निखिल_एडिसन
एक्सेल ठीकच आहे. पण आधी अख्खं ट्रान्सक्रिप्ट वाचून पानाच्या क्रमाने नोंदी करा, टॉपिक नंतर लावा. शेवटच्या शब्दसूचीत 'फ्लोअर' शोधून थेट टॉपिक भरणारे लोक बघितलेत मी. साक्षीदार 'ती जागा' म्हणाला की ती नोंद सुटते.

रसिका, तुमची एक नोंद इथे टाका ना, नावं काढून. सोबत मूळ प्रश्नोत्तर पण.

रसिका_पुणे
साफसफाईखालची पहिली नोंद: 'फरशी दर तासाला तपासली जायची. ४१:१०-११'

मूळ असं आहे (मराठीत लिहितेय). ओळ ८, प्रश्न: म्हणजे फरशी दर तासाला तपासत होते? ओळ ९, समोरचे वकील: ऑब्जेक्शन, फॉर्म. ओळ १०, उत्तर: मॅन्युअलमध्ये तसं आहे. रोज तसं होतं का, मला वाटतं हो, बहुतेक.

निखिल_एडिसन
लाइन नंबर नीट झाले तरी ही नोंद परत येईल. साक्षीदार 'तपासायचे' असं म्हणालाच नाहीये, मॅन्युअलमध्ये आहे म्हणाला आणि पुढे 'बहुतेक' म्हणाला. नोंद अशी हवी: 'मॅन्युअलप्रमाणे दर तासाला तपासणी, प्रत्यक्षात तसं व्हायचं असं त्याला वाटतं, खात्री नाही. ४१:८-११ (फॉर्मवर ऑब्जेक्शन).' रेंज प्रश्नापासून धरायची, नुसतं उत्तर वाचून वकिलाला काही कळत नाही.

आणि अशा केसमध्ये खरा मुद्दा असतो पाणी किती वेळ पडून होतं आणि दुकानाला ते कळायला हवं होतं का. त्या दिवशीच्या तपासणीच्या नोंदवहीबद्दल पुढे कुठे विचारलंय का?

रसिका_पुणे
हो! पान ९७ वर. वही दाखवली, दोन ते चारमध्ये सहीच नाहीये, कारण विचारलं तर 'आठवत नाही'. मी ते 'एक्झिबिट्स' टॉपिकमध्ये टाकलंय.

निखिल_एडिसन
ते ४१ च्या लगेच खाली यायला हवं, 'तपासणी: नियम आणि त्या दिवशी काय झालं' अशा एकाच टॉपिकमध्ये. टॉपिकवाइज डायजेस्ट मागतात तो याचसाठी, पन्नास पानं लांब असलेली दोन उत्तरं शेजारी दिसावीत. एक्झिबिट्समध्ये पण राहू द्या, तीच नोंद दोन ठिकाणी चालते. आणि 'आठवत नाही' तसंच ठेवा, त्याचं 'माहीत नाही' करू नका. आठवत नाही म्हणणाऱ्याला कागद दाखवून परत विचारता येतं.

विवेक_ठाणे
एराटा शीट आलंय का तेही विचार. साक्षीदाराने सही करताना उत्तर बदललं असेल तर मूळ उत्तर काढून नवीन टाकायचं.

निखिल_एडिसन
काढायचं अजिबात नाही. मूळ उत्तर ठेवायचं आणि शेजारी 'एराटात बदल' लिहायचं. फेडरल नियमात, आधी मागणी केली असेल तर, ३० दिवस मिळतात, पण उत्तराचा अर्थच बदलला तर तो बदल चालतो का यावर कोर्टांचं एकमत नाही.

विवेक_ठाणे
आमच्या क्लायंटला फक्त फायनल उत्तर हवं असतं. फर्मवर अवलंबून असावं.

नवखा_नाशिक
एलपीओत फ्रेशर एलएलबीला घेतात का? नाइट शिफ्टच असते का?

वकीलकाका_सातारा
बाळा, आधी दोन वर्षं एखाद्या सिनियरकडे काढ.

रसिका_पुणे
सर्टिफाइड आली मेलवर. पान ४१ वरचं आता ४१:९-१२ आहे, पण ९७ चं ९८ वर गेलंय आणि 'आठवत नाही'च्या पुढे रफमध्ये नसलेलं एक वाक्य आहे, 'त्या दिवशी माणसं कमी होती'. ते कर्मचारी टॉपिकमध्ये टाकू का तपासणीत?

निखिल_एडिसन
दोन्हीकडे. आणि एराटाचं तुमच्या पॅरालीगललाच मेल करून विचारा, त्यांच्या वकिलाला कसं हवंय ते.