‘फारसं’ म्हणजे मच का? (गुळाच्या पत्रावरून सुरू झालेलं)

राजारामपुरीकर
माझ्या भावाचं करवीर तालुक्यात गुऱ्हाळ आहे. दुबईच्या एका व्यापाऱ्याने गुळाची माहिती मागवली. घरात इंग्रजी लिहिणारी मीच, त्यामुळे पत्र माझ्या गळ्यात पडलं. त्यातली दोन वाक्यं अशी: ‘वी मेक मच जॅगरी इन विंटर’ आणि ‘वी डू नॉट यूज मच लाइम’. तिकडच्या माणसाने पत्र खुणा करून परत पाठवलं. पहिल्या वाक्यातलं मच खोडून वर ‘अ लॉट ऑफ’ लिहिलंय, दुसऱ्यातल्या मचला हातही लावलेला नाही. गूळ काय आणि चुना काय, दोन्ही न मोजता येणारे. मग एक चूक आणि एक बरोबर कसं? आमच्या बाईंनी तर मोजता येईल तिथे मेनी, न येईल तिथे मच, एवढंच शिकवलं होतं.

तीनबत्ती
बाईंचं बरोबरच आहे की. त्या दुबईवाल्यालाच येत नसेल. मोजता येतं का नाही एवढंच बघायचं, बाकी सगळी फॅशन.

जुना_मास्तर
तीनबत्ती, नियम बरोबर आहे पण अर्धा. मेनी आणि मच यांतलं कोणतं घ्यायचं हे त्याने ठरतं. पण मुळात या दोघांपैकी एक घ्यायचं की अ लॉट ऑफ घ्यायचं, हे वाक्य होकारी आहे की नकारी यावर ठरतं. साध्या बोलण्यात होकारी वाक्यात एकटं मच कानाला खटकतं. ‘आय ड्रिंक मच मिल्क’ असं इंग्रज म्हणत नाही, ‘अ लॉट ऑफ मिल्क’ म्हणतो. तेच ‘आय डोन्ट ड्रिंक मच मिल्क’ मात्र अगदी सरळ वाक्य.
ताई, तुम्ही मराठीत ‘खूप’ धरून चाललात म्हणून फसलात. ‘मी फारसं दूध पितो’ असं म्हणून बघा बरं. जीभ अडते की नाही? ‘मी फारसं दूध पीत नाही’ म्हटलं की अडत नाही. मचचं वागणं असं फारसंसारखं आहे. पस्तीस वर्षं शिकवलं, पण हे मला निवृत्तीनंतर नातवाशी बोलताना सुचलं. वर्गात सुचलं असतं तर कितीतरी वह्या वाचल्या असत्या.

रंकाळाकाठ
फारसं हा शब्द फारसी लोकांवरून आलाय. बादशाही दरबारात ते ‘नाही नाही’च जास्त म्हणायचे, म्हणून तो नकारातच येतो.

ओवी
😄 रंकाळाकाठ, ‘जरासा’, ‘थोडासा’ मग कोणत्या लोकांवरून आले? फार ला तोच ‘सा’ लागलाय. उलट फारसीतून आलाय तो आपला खूप. तिकडे ‘ख़ूब’ म्हणजे चांगलं. म्हणून मी तरी लिहिताना पुष्कळच लिहिते.

शिवाजीपेठ
ओवीताई, पेठेत येऊन ‘पुष्कळ भारी’ म्हणून दाखवा. लई म्हणायचं, लई. होकार न्हाई, नकार न्हाई, मोजायचं न्हाई. लई मिसळ, लई माणसं, लई काय न्हाई. इंग्रजांनी आमच्याकडं शिकायला पायजे हुतं.

ओवी
लई बोलीत छान आहे. पण व्यापाऱ्याला पत्र लिहिताना मराठी तरी शुद्ध नको का?

शिवाजीपेठ
पत्र इंग्रजीत हाय ताई.

जुना_मास्तर
दोघांनी दम धरा. फारसंची ही खूण सगळीकडे लावू नका, दोन ठिकाणी ती तुटते. एक, प्रश्नात. ‘डू यू ड्रिंक मच मिल्क?’ चालतं, पण ‘फारसं दूध पितोस का?’ आपण विचारत नाही. दुसरी तूट मेनीची. होकारात मेनी चालतं. ‘मेनी पीपल केम’ हे बरोबरच, फक्त जरा लिखित वळणाचं. गप्पांत अ लॉट ऑफ पीपल. म्हणजे खोड मुख्यतः मचची आहे.

राजारामपुरीकर
सर, मग ‘टू मच’ होकारात कसं चालतं? रश्शात तिखट टू मच आहे, असं सगळे म्हणतात.

जुना_मास्तर
चालतं, कारण तिथे ते एकटं नाही. टू, सो, अ‍ॅज यांच्या मागे लागलं की मचला होकार चालतो. आणि लिखित, गंभीर वळणात एकटंही चालतं. 2019 च्या पुराबद्दल कोणी ‘मच ऑफ द सिटी वॉज अंडर वॉटर’ लिहिलं तर ती चूक नाही. गुळाच्या पत्रात मात्र ते कोट घालून चुलवणापाशी उभं राहिल्यासारखं दिसतं.

तीनबत्ती
बरं, मान्य. पण अ लॉट ऑफमध्ये ‘अ’ आहे, म्हणजे एकवचन. ‘अ लॉट ऑफ पीपल इज’.

जुना_मास्तर
नाही. क्रियापद पुढच्या नामाकडे बघतं. अ लॉट ऑफ जॅगरी इज, अ लॉट ऑफ पीपल आर.

मिरजकर_तिठी
माझ्या मुलाने परीक्षेत ‘माय अंकल हॅज मेनी मनी’ लिहिलं, एक मार्क गेला. पैसे मोजता येत नाहीत का? त्याच्या काकाला विचारा, रोज रात्री मोजतो.

ओवी
मोजतो तो रुपये आणि नोटा. मनी हा शब्द इंग्रजीत पाण्यासारखा. खरी अडचण ही की आपल्याकडे ‘पैसे’ अनेकवचनी, म्हणून मूल मेनी लावतं. तसंच तांदळाचं. आपण ‘तांदूळ निवडले’ म्हणतो, इंग्रजीत राइस एकच. पोहे, केस, बातम्या, सगळीकडे हाच घोळ. मराठीत वचन काय आहे ते बघून मेनी लावलं की गेलं.

मिरजकर_तिठी
म्हणजे मार्क परत मिळणार नाही.

रंकाळाकाठ
मग गुळाचे रवे? ते तर मोजतात. मेनी जॅगरी बरोबर की!

राजारामपुरीकर
रवे मोजतात, गूळ नाही. रव्यांसाठी मी मेनी ब्लॉक्स लिहिलं होतं आणि ते त्याने तसंच ठेवलंय. एवढं तरी मला जमलं.
पण आता नवीनच पंचाईत. आज त्याचा उलट मेल आला: ‘नॉट मच’ म्हणजे नेमका किती चुना वापरता?

जुना_मास्तर
त्याचं बरोबर आहे. ‘नॉट मच’ म्हणजे थोडा तरी वापरता, असाच अर्थ निघतो. ‘फारसा चुना घालत नाही’ म्हटलं की मराठीतही तेच. अजिबात घालत नसाल तर ‘वी डू नॉट यूज एनी लाइम’ लिहा. तो शब्दच वेगळा.

ओवी
पण सर, नकारात अ लॉट ऑफही चालतं ना? ‘वी डू नॉट यूज अ लॉट ऑफ लाइम’ लिहिलं असतं तर हा प्रश्न आला असता का?

जुना_मास्तर
चालतं, पण तरीही त्याने हेच विचारलं असतं. दोन्हींत काही छटेचा फरक आहे असं काही जण म्हणतात. मला तो कधी धड पकडता आला नाही.

शिवाजीपेठ
भावाला इचारा की, घालतो का न्हाई. व्याकरण मागनं बघू.

राजारामपुरीकर
विचारलं. म्हणाला, मळी काढायला रानभेंडी घालतो, आणि चुना चिमूटभर. मग म्हणाला, “पण ताई, ते लिहू नको.”