मदत हवी आहे: ट्रॅक्टर घ्यावा की भाड्यानंच चालवावं? एक्सेलचं उत्तर उणे येतंय

निपाणीचा_शेतकरी
नमस्कार मंडळी. निपाणी भागात 9 एकर आहे, 5 एकर ऊस, बाकी सोयाबीन आणि थोडा हरभरा. नांगरट, रोटर, सरी सोडणे, ट्रॉलीच्या खेपा असं सगळं धरून वर्षाला 78 हजार भाडं जातंय. ट्रॅक्टर, रोटर, फण मिळून 9 लाखाला पडतंय, त्यात पावणेसात लाख कर्ज, 11 टक्के, 7 वर्षं. घरचा असला तर स्वतःच्या रानाला डिझेल 26 हजार आणि इन्शुरन्स-सर्व्हिसिंग-टायर 22 हजार, म्हणजे 30 हजार वाचतात. शिवाय बाहेर 250 तास मारले तर डिझेल-ड्रायव्हर जाऊन तासाला 360 राहतात, ते 90 हजार. दहा वर्षांनी विकला तर साडेतीन लाख येतील असं धरलंय. सरळ बेरीज केली तर साडेसहा लाख फायदा दिसतोय, पण धाकट्या भावानं पुढच्या वर्षांचे पैसे 11 टक्क्यानं डिस्काउंट करून, म्हणजे आजच्या किमतीत आणून काढलं तर उणे 3 लाख 10 हजार! कुणाचं बरोबर?

चिकोडीवाला
एवढं गणित कशाला भावा, हप्ता आणि भाडं समोरासमोर ठेव. हप्ता संपला की ट्रॅक्टर आपला, भाड्याची पावती काय आपली होणार आहे?

खानापूर_भातवाले
आमच्याकडं मे महिन्यात वळीव पडला की धूळवाफ पेरणीला सगळ्यांना एकाच आठवड्यात ट्रॅक्टर लागतो. दोन वर्षांपूर्वी मी नंबर लावून नऊ दिवस थांबलो, वाफसा गेला, ढेकळं निघाली, परत रोटर मारावा लागला. त्याच वर्षी जुना ट्रॅक्टर घेतला. कुठल्या कंपनीचा घेताय ते सांगा, मग बोलू.

जुना_हिशोबी
कंपनीचं नंतर. भावाच्या शीटमध्ये व्याजाचा वेगळा कॉलम आहे काय बघा. मला वाटतंय त्यानं 9 लाख पहिल्याच दिवशी वजा केलेत, दरवर्षी बँकेचं व्याज परत वजा केलंय आणि वरून 11 टक्क्यानं डिस्काउंट पण केलंय. डिस्काउंट करणं म्हणजेच व्याज धरणं की, एकच व्याज दोनदा कापलं. एकतर पूर्ण किंमत शून्य वर्षाला टाका आणि व्याज विसरा, नाहीतर फक्त हाताचे सव्वादोन लाख शून्य वर्षाला टाका आणि पुढं पूर्ण हप्ते धरा. दर 11 च असला तर दोन्हीकडून एकच उत्तर येतं.

```
=NPV(11%,B3:B12)+B2
```

B2 मध्ये -900000, B3 पासून दहा वर्षांची बचत बाहेरच्या कमाईसकट, B12 मध्ये विक्रीचे साडेतीन लाख पण मिळवा. B2 कंसात टाकू नका, नाहीतर खरेदी एक वर्ष पुढं ढकलली जाते.

निपाणीचा_शेतकरी
व्याजाचा कॉलम होता काका! काढला तर उणे 70 हजार आलं. म्हणजे तरी तोटाच.

जुना_हिशोबी
थांबा, अजून एक आहे. दहा वर्षं भाडं तेवढंच राहणार काय? बँकेच्या 11 टक्क्यांत महागाई आहे आणि तुमच्या आकड्यांत नाही. बचत दुसऱ्या वर्षापासून दरवर्षी 5 टक्के वाढवा, विक्रीचे साडेतीन लाख तसेच ठेवा, की उत्तर अधिक 76 हजार होतंय. पण सगळा खेळ त्या 250 तासांवर आहे. 220 तासांना बरोबरी, 150 मिळाले तर 1 लाख 80 हजार उणे आणि बाहेरचं काम शून्य असलं तर साडेपाच लाखाच्या वर खड्डा. नुसत्या 9 एकराला ट्रॅक्टर परवडत नाही, चिकोडीवाले, हप्ता संपेपर्यंत थांबून पण नाही. शिवाय जुन्या मशीनला दुरुस्ती 5 टक्क्यानं नाही, जास्तच वाढते, ते मी धरलेलंच नाही.

चिकोडीवाला
बरं, पण भातवाल्यांचे नऊ दिवस कुठल्या कॉलममध्ये?

जुना_हिशोबी
धरायला पाहिजेत, खरं. उशिरानं किती पोती गेली त्याचा पैसा बचतीत टाका. पण दर वर्षी गेलीत असं धरू नका, पाचातून एक वर्ष असेल तर पाचवा हिस्सा. आणि रयत संपर्क केंद्रात यंत्रधारेचा, म्हणजे सरकारी योजनेतल्या भाड्याच्या यंत्रांचा दर विचारा, 78 हजार तिथंच कमी झाले तर अख्खं गणित बदलतं.

खानापूर_भातवाले
एक सांगतो, 360 रुपये तासाला वहीत राहतात, खिशात नाही. सगळे म्हणतात बिल आल्यावर देतो. मागच्या मेमधली नांगरट अजून येणं आहे आणि देणारा माझा साडूच आहे, मागू कसं?

जुना_हिशोबी
बघा, हे शीटमध्ये नव्हतंच. बाहेरचे पैसे वर्षभर उशिरा आले तर साधारण 63 हजार गळतात. 76 मधले 13 उरले, तेही एकही उधारी बुडली नाही तर.

निपाणीचा_शेतकरी
आमच्याकडं पण उसाच्या बिलावरच सगळं चालतंय. आणि आता लक्षात आलं, ज्या पंधरा दिवसांत लोकांना ट्रॅक्टर पाहिजे त्याच पंधरा दिवसांत मला पण पाहिजे. म्हणजे 250 खरंच होतात काय? गल्लीतल्या ट्रॅक्टरवाल्याला त्याचे मीटरचे तास विचारून येतो.