वही की लॅपटॉप : वाद संपला असे कोणी ठरवले?

निळी शाई

व्याख्यानाला बसताना लॅपटॉप उघडणाऱ्यांनी मुलर आणि ओपनहायमर यांचा २०१४ सालचा शोधनिबंध एकदा वाचावा. हाताने नोट्स काढणाऱ्यांच्या लक्षातही अधिक राहते आणि त्यांना विषयही अधिक समजतो, हे त्यात सिद्ध झाले आहे. मग वर्गात लॅपटॉपला परवानगी तरी कशाला द्यायची? माझ्या मते हा वाद संपला आहे.

तळटीप

निबंध शेवटपर्यंत वाचला असता, तर "सिद्ध" हा शब्द आपण इतक्या सहजपणे वापरला नसता. हेच वाक्य मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे, म्हणून आज जरा सविस्तर लिहितो.

पहिल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना साधारण पंधरा मिनिटांची भाषणे दाखवली गेली. लॅपटॉपला इंटरनेट जोडलेले नव्हते. मग अर्धा तास त्यांना इतर कामांत गुंतवून प्रश्न विचारले गेले. कोण, केव्हा, किती अशा माहितीच्या प्रश्नांत दोन्ही गट सारखेच निघाले. फरक पडला तो संकल्पनेच्या प्रश्नांत. म्हणजे "लक्षात अधिक राहते" हा आपला अर्धा दावा त्या प्रयोगातच उभा राहत नाही.

उरलेल्या अर्ध्याचे काय झाले, तेही पाहा. मोरहेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली तोच प्रयोग पुन्हा केला आणि त्यात नोट्स अजिबात न काढणारा एक गटही घेतला. गटागटांत सातत्याने टिकणारा फरक त्यांना आढळला नाही. नोट्स न काढणारेही फारसे मागे पडले नाहीत. पुढे २०२१ साली उरी आणि इतरांनी १४२ विद्यार्थ्यांवर पहिल्याच प्रयोगाची हुबेहूब आवृत्ती केली. लॅपटॉपवाल्यांनी अधिक शब्द लिहिले आणि ते वक्त्याच्या तोंडच्या शब्दांशी अधिक जुळले, हे पुन्हा दिसले. गुणांतला फरक मात्र दिसला नाही. मूळ निबंधाने कारण म्हणून जे सांगितले होते, म्हणजे शब्दशः उतरवणे, ते हजर आहे आणि परिणाम गैरहजर आहे, अशी ही विचित्र परिस्थिती आहे.

निळी शाई

आपण सोयीचे तेवढे निवडता आहात. २०२४ साली नॉर्वेमध्ये ३६ विद्यार्थ्यांच्या डोक्याला विद्युत्-संवेदक लावून मेंदूतील लहरी मोजल्या गेल्या. हाताने लिहिताना मेंदूच्या वेगवेगळ्या भागांतील जोडणी कितीतरी अधिक दिसली, टंकताना दिसली नाही. मेंदू खोटे बोलतो असे आपले म्हणणे आहे काय?

तळटीप

मेंदू खोटे बोलत नाही, पण त्याला काय विचारले होते ते बघावे लागते. त्या प्रयोगात पडद्यावर एकेक शब्द येत होता. सहभागींनी तो डिजिटल पेनने वळणदार अक्षरांत लिहायचा, किंवा उजव्या हाताच्या केवळ तर्जनीने टंकायचा. एका बोटाने टंकून नोट्स काढणारा विद्यार्थी मी तरी पाहिलेला नाही. शिवाय तिथे व्याख्यान नव्हते आणि नंतर आठवणीची चाचणीही नव्हती. लिहिताना हाताची हालचाल अधिक गुंतागुंतीची असते, एवढे त्यातून कळते. ती हालचाल विषय समजण्यास मदत करते का, हे त्यातून कळत नाही.

डावखुरा

दोघांचीही विद्वत्ता मान्य, पण माझा अनुभव ऐका. मी डावखुरा आहे, माझे अक्षर मलाच वाचता येत नाही आणि अर्धा तास लिहिले की मनगट भरून येते. पहिली दोन वर्षे मी वह्याच भरल्या. परीक्षेच्या आधी उघडल्या तेव्हा प्रत्येक तिसरी ओळ अर्धवट होती, कारण लिहिता लिहिता वक्ते पुढे निघून गेलेले असत. तिसऱ्या वर्षापासून लॅपटॉप घेतला आणि गुण वाढले. हा माझ्यापुरता पुरावा पुरेसा आहे. ज्यांचे हात धडधाकट आहेत, ते लॅपटॉपबंदीची मागणी फार उत्साहाने करतात.

निळी शाई

तिसऱ्या वर्षी आपण अभ्यासही अधिक केला असेल. त्याचे श्रेय लॅपटॉपला का द्यायचे?

डावखुरा

म्हणजे माझे गुण वाढले तर अभ्यासामुळे आणि आपले वाढले तर वहीमुळे. छान न्याय आहे.

मागचा बाक

मी शिकवतो आणि वर्गाच्या मागच्या दाराने आत येतो, त्यामुळे मला पडदे दिसतात. तुमची वही-लॅपटॉप चर्चा पुस्तकी आहे. मागून पाहिले की अर्ध्या पडद्यांवर नोट्स नसतातच, खरेदी, गप्पा आणि क्रिकेटचे धावफलक असतात. सना, वेस्टन आणि सेपेडा यांनी २०१३ साली दाखवले आहे की, पडद्यावर इतर कामे करणाऱ्याचे गुण तर घटतातच, पण ज्याला तो पडदा शेजारून दिसतो त्या बिचाऱ्याचेही घटतात. शेजाऱ्यांची घट जवळजवळ १७ टक्के होती. शेजाऱ्याने काय गुन्हा केला? वेस्ट पॉइंट या अमेरिकन सैनिकी अकादमीत तर काही तुकड्यांना लॅपटॉपची मुभा आणि काहींना मनाई अशी खरीखुरी विभागणी करून पाहिली गेली. मुभा असलेल्या तुकड्या अर्थशास्त्राच्या अंतिम परीक्षेत मागे पडल्या. टॅबलेट बाकावर आडवा आणि शिक्षकाला दिसेल असा ठेवायचा, ही अट घातलेल्या तुकड्याही जवळपास तितक्याच मागे पडल्या.

डावखुरा

धावफलक पाहणारा पाहतो, त्याची शिक्षा मला का? त्याच्या हातात वही दिली तरी तो मागच्या पानावर चित्रेच काढेल.

मागचा बाक

चित्रे शेजाऱ्याला खेचून घेत नाहीत. हलणारा, उजळ पडदा खेचतो. आपले मनगट दुखते हे मान्य, आपल्याला खुशाल सूट द्यावी. पण एकाच्या मनगटासाठी साठ जणांचे लक्ष उधळायचे हे मला पटत नाही.

डावखुरा

सूट द्यायची म्हणजे संपूर्ण वर्गात एकट्यानेच लॅपटॉप उघडून बसायचे आणि ह्याला काहीतरी झालेले आहे हे सर्वांना जाहीर करायचे. ज्याच्यावर ती वेळ आलेली नाही, त्याला ही सूट उदार वाटते. माझ्या एका शिक्षकांनी तासाला उठून कारण विचारले होते. त्यानंतर महिनाभर मी त्या तासाला नोट्सच काढल्या नाहीत.

मागचा बाक

त्या शिक्षकांचे चुकले. यावर माझ्याकडे तयार उत्तर नाही. मागच्या रांगेत पडदेवाल्यांना वेगळी जागा द्यावी असे मला वाटत होते, पण तीही खूण ठरेल, हे आता लक्षात येते.

तळटीप

मागचा बाक यांनी दिलेले दाखले खरे आहेत, परंतु ते दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहेत. लक्ष उडाले तर शिकणे घटते, हे कोणीच नाकारलेले नाही. लक्ष पूर्ण असताना कळफलकामुळे समज घटते का, हा मूळ प्रश्न आहे.

त्यासाठी एक वाक्य घेऊन पाहू. समजा, संख्याशास्त्राच्या तासाला वक्ते म्हणाले, "नमुना चौपट केला तरी सरासरीची प्रमाण त्रुटी निम्मीच होते." एका विद्यार्थ्याने टंकले, "नमुना चौपट केला तरी प्रमाण त्रुटी निम्मीच होते." मूळ निबंधात लागोपाठच्या तीन-तीन शब्दांचे तुकडे पाडून ते भाषणाशी जुळवले होते. या आठ शब्दांच्या नोटेत असे सहा तुकडे पडतात आणि त्यांपैकी चार वक्त्याच्या वाक्यात जसेच्या तसे सापडतात. दुसऱ्याने वहीत लिहिले, "नमुना ४ पट, त्रुटी अर्धी, वर्गमूळ!" इथे एकही तुकडा जुळत नाही.

आता परीक्षेत विचारले की, त्रुटी एक तृतीयांशावर आणायची तर नमुना किती पट घ्यावा? त्रुटी नमुन्याच्या वर्गमूळाच्या प्रमाणात घटते, म्हणून दुसरा विद्यार्थी त्या वाटेने लगेच नऊ पटीवर पोहोचेल. पहिल्याकडे वाक्य संपूर्ण आहे, पण "वर्गमूळ" हा शब्द वक्त्यांनी उच्चारलाच नव्हता, म्हणून तो त्याच्या पडद्यावर नाही. मात्र तो शब्द दुसऱ्याला पेनने दिलेला नाही, त्याने त्या क्षणी केलेल्या विचाराने दिला. हाताचा वेग सेकंदाला शब्दाच्या तिसऱ्या हिश्शाइतका आणि वक्त्याचा दोन-तीन शब्दांचा. त्यामुळे वहीवाल्याला निवड करावीच लागते. टंकणारा निवड टाळू शकतो, आणि बहुतेक जण टाळतात. मूळ निबंधातल्याच दुसऱ्या प्रयोगात "शब्दशः लिहू नका" असे बजावूनही टंकणाऱ्यांची ती सवय सुटली नव्हती.

निळी शाई

म्हणजे शेवटी आपण माझ्याच बाजूला आलात. आणि एक गोष्ट आपण सोयीने गाळलीत. तिसऱ्या प्रयोगात आठवड्याने चाचणी घेतली आणि आधी स्वतःच्या नोट्स वाचायला दिल्या, तेव्हाही वहीवालेच पुढे होते. लॅपटॉपवाल्यांकडे नोट्स जास्त असूनही त्यांना त्याचा उपयोग झाला नाही.

तळटीप

गाळली नव्हती, तिथवर पोहोचलो नव्हतो. पण ब्वी, मायरसन आणि हेल यांचा २०१३ सालचा प्रयोग आपणही वाचलेला दिसत नाही. त्यात टंकूनच दोन प्रकारे नोट्स काढायला सांगितल्या होत्या, एका गटाने शब्दशः आणि दुसऱ्याने मुद्दे लावून. एका दिवसाने नोट्स न वाचता चाचणी घेतली, तेव्हा मुद्दे लावणारे पुढे होते. नोट्स वाचायला मिळाल्या, तेव्हा शब्दशः उतरवणारे पुढे गेले. ज्याच्याकडे मजकूर पूर्ण आहे आणि जो तो पुन्हा वाचतो, त्याचा टंकण्याने तोटा होईलच असे नाही. जो पुन्हा कधीच उघडत नाही, त्याच्यासाठी तासातला विचार हीच एकमेव कमाई असते.

आणि आपल्या समाधानासाठी हेही सांगतो, कारण न सांगितल्यास आपण उद्या ते शोधून आणाल. २०२४ साली फ्लॅनिगन आणि सहकाऱ्यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवरचे २४ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा हाताने लिहिणाऱ्यांची सरशी निघाली. ती लहान आहे, पण आहे. "फरकच नाही" असे कोणी माझ्या तोंडी घातले, तर मी ते नाकारीन.

निळी शाई

बघा, ओढून ताणून का होईना, "आहे" हा शब्द आपल्याकडून आला. मी "सिद्ध" मागे घेतो आणि "लक्षात राहते" हेही मागे घेतो. "समजते" मात्र ठेवतो.

मागचा बाक

माझ्या साठ जणांचे कोणीच बोलले नाही.

डावखुरा

माझाही प्रश्न तसाच आहे. मी तासाला टंकतो आणि त्याच संध्याकाळी पडदा मिटून, आठवेल तेवढे कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरांत पाऊण पान लिहितो. तेवढे मनगट सहन करते. जे आठवत नाही, ते मग पडद्यावर शोधतो. "वर्गमूळ" मला तासाला नाही, त्या पाऊण पानावर सुचते. आपल्या प्रयोगांत मी कोणत्या गटात बसतो?

तळटीप

मी वर सांगितलेल्या कोणत्याही प्रयोगात नाही. त्यांत एकतर नोट्स वाचायला देतात किंवा देत नाहीत. न पाहता लिहून काढायला सांगत नाहीत. तुमचे गुण लॅपटॉपने वाढले की त्या पाऊण पानाने, हे मला ठरवता येणार नाही, आणि निळी शाई यांनाही येणार नाही.