मदत हवी आहे: रेंजचं वरचं टोक घातलं तरी कन्स्ट्रेंट तुटतोच, असं का?

गोंधळलेला_गणक
नमस्कार मंडळी. एका मशीनच्या वेळेचं छोटंसं एलपी आहे, दोनच व्हेरिएबल. x म्हणजे या मशीनवरचे जॉब, एकाला ३ मिनिटं लागतात. y म्हणजे शेजारच्या मशीनशी देवाणघेवाण, तिकडचा जॉब घेतला तर प्लस आणि आपला तिकडे ढकलला तर मायनस, दर जॉबमागे २ मिनिटं खर्च नाहीतर बचत, आणि हे -१० ते १० च्या आतच ठेवायचं. हाताशी एकूण १२० मिनिटं, म्हणून कन्स्ट्रेंट `3x + 2y <= 120`, आणि नफा `5x + 3y` जास्तीत जास्त हवाय.

आता ३ आणि २ हे काही पक्के आकडे नाहीत. ३ चा खरा आकडा २.७ ते ३.३ मध्ये कुठेही येतो आणि २ चा १.५ ते २.५ मध्ये. रोबस्ट करायचं म्हणजे प्रत्येक कोइफिशियंटचं वरचं टोक घ्यायचं असं वाचलं होतं म्हणून `3.3x + 2.5y <= 120` घातलं. उत्तर आलं x = ४३.९४, y = -१०, नफा १८९.७ (साध्या मॉडेलमध्ये २०३.३ होता, म्हणजे किंमत मोजली म्हणायची). पण मग दोन्ही रेंजमधून रँडम आकडे काढून हजारो वेळा तपासलं तर साधारण १९ टक्के वेळा १२० च्या वर जातंय, कधीकधी तर १३० च्या जवळ. मग हे रोबस्ट कसलं? कोड पुन्हा पुन्हा बघितलाय, त्यात काही सापडत नाही.

रात्रपाळी
सिम्युलेशनमध्ये नॉर्मल डिस्ट्रिब्युशन वापरलं असशील, त्याची शेपटी रेंजच्या बाहेर जाते, म्हणून तुटतं. युनिफॉर्म वापर.

गोंधळलेला_गणक
युनिफॉर्मच आहे हो, टोकं पण तीच.

सिम्प्लेक्स_काका
सिम्युलेशन बरोबर आहे, घोटाळा कन्स्ट्रेंटमध्ये आहे. तुमचा y किती आलाय बघा, -१०. तिथे २.५ घातलं म्हणजे तुम्ही धरून चाललात की जॉब ढकलला की अडीच मिनिटं वाचणार. ही तर सगळ्यात चांगली शक्यता झाली! वाईट म्हणजे दीडच मिनिट वाचणार. तुमचंच उत्तर घेऊन करून बघा: ३.३ गुणिले ४३.९४ म्हणजे १४५, त्यातून दीडच्या हिशोबाने १५ वजा, राहिले १३०. तुम्हाला सिम्युलेशनमध्ये दिसलेला आकडा हाच.

वरचं टोक घ्या हा नियम व्हेरिएबल शून्य किंवा त्याहून मोठा असेल तेव्हाच चालतो. मायनस असेल तर खालचं टोक वाईट. आणि चिन्ह आधी माहीतच नसेल तर मधला आकडा जसाच्या तसा ठेवायचा आणि रेंजची अर्धी रुंदी गुणिले व्हेरिएबलची ॲब्सोल्यूट व्हॅल्यू अशी जादा रक्कम डाव्या बाजूला टाकायची: `3x + 2y + 0.3|x| + 0.5|y| <= 120`. x मायनस होत नाही म्हणून त्याचं सरळ `3.3x`. राहिला फक्त y.

(`>=` वाला कन्स्ट्रेंट असेल तर हीच रक्कम वजा होते, तिथे लोक हमखास चुकतात.)

बिगएम_भक्त
काकांचं बरोबर आहे पण |y| आला म्हणजे बायनरी आलीच की, y प्लस आहे का मायनस ते ठरवायला. बिग-एम लावा नि मिक्स्ड इंटिजर म्हणून सोडवा, एवढ्याशा मॉडेलला काही होत नाही.

सिम्प्लेक्स_काका
उत्तर बरोबरच येईल पण गरज नाही. |y| इथे `<=` च्या लहान बाजूला आहे, तो जितका मोठा तितकं आपलंच नुकसान, त्यामुळे सॉल्व्हरला फसवाफसवी करून काही मिळत नाही. एक v घ्या, तो y पेक्षाही कमी नको आणि -y पेक्षाही कमी नको, झालं. एलपीचं एलपीच राहतं.

```python
v = LpVariable("v", lowBound=0)
m += 3.3*x + 2*y + 0.5*v <= 120
m += v >= y
m += v >= -y
```

कन्स्ट्रेंट ढिला असेल तर v कधी |y| पेक्षा मोठा छापून येईल, घाबरू नका, उत्तराला धक्का लागत नाही.

गोंधळलेला_गणक
काका, चालवलं. x = ३६.३६, y = ०, नफा १८१.८, आणि सिम्युलेशनमध्ये एकदाही तुटलं नाही. पण y एकदम शून्यावर कसा आला? मला वाटलं होतं -१० च राहील, फक्त x थोडा कमी होईल.

सिम्प्लेक्स_काका
दर मिनिटाचा हिशोब मांडा. एक जॉब ढकलला की ३ नफा गेला. खात्रीने वाचतात दीडच मिनिटं, म्हणजे वाचलेलं मिनिट २ ला पडलं. ते मिनिट x वर लावलं तर खात्रीने मिळतात ५ भागिले ३.३, म्हणजे १.५२. घाट्याचा सौदा. साध्या मॉडेलमध्ये तेच मिनिट १.५ ला पडत होतं आणि १.६७ देत होतं, म्हणून ढकलणं परवडत होतं. -१० वरच अडून बसलात तर x ४०.९१ येईल आणि नफा १७४.५.

मिश्रण_मास्तर
माझंही असंच चाललंय, पण माझ्याकडे बरोबरचं चिन्ह आहे, मिश्रणातलं प्रमाण नेमकं एका आकड्यावर यायला हवं आणि प्रत्येक घटकाच्या शुद्धतेला रेंज आहे. रोबस्ट केलं की सॉल्व्हर इनफीझिबल म्हणतो. v चे कन्स्ट्रेंट मीही घातलेत.

सिम्प्लेक्स_काका
v चा दोष नाही. रेंजमधल्या प्रत्येक आकड्याला बेरीज नेमकी तेवढीच यायला हवी असेल तर रेंजवाल्या प्रत्येक घटकाचं प्रमाण शून्य करावं लागतं. तुम्हाला खरंच नेमका आकडा हवाय का, की एवढ्याच्या वर आणि तेवढ्याच्या खाली चालेल? चालत असेल तर दोन वेगळे कन्स्ट्रेंट करा आणि प्रत्येकाला आपापली रक्कम लावा. पट्टा अरुंद असेल तर तरीही अडकू शकतं.

मिश्रण_मास्तर
स्पेकमध्ये पट्टा आहे खरा, मी मधला आकडा धरून बसलो होतो. बघतो.

रात्रपाळी
मूळ प्रश्नावर एक शंका. ३.३ आणि १.५ एकाच दिवशी येतील का? मशीन संथ चाललं तर दोन्ही जॉब संथ होणार ना, मग ३.३ बरोबर २.५ च यायला हवं. तसं असेल तर पहिलं उत्तर, ४३.९४ आणि -१० वालं, नेमकं १२० वर बसतं!

सिम्प्लेक्स_काका
मुद्दा पक्का आहे. प्रत्येक कोइफिशियंटला आपापली रेंज दिली की त्यांचा एकमेकांशी संबंध नाही असं धरलं जातं, आणि सगळी वाईट टोकं एकदम येतील असंही. १९७३ चं सॉयस्टरचं मॉडेल हेच, नि फार भित्रं म्हणून त्याला नावं ठेवली गेली. बर्टसिमास आणि सिम यांनी २००४ मध्ये किती कोइफिशियंट एकदम बिघडतील यावर मर्यादा घालायची सोय दिली, पण इथे दोनच आहेत, त्यात काय मर्यादा घालणार. कारण एकच असेल तर एकच t घ्या, -१ ते १, दोन्ही कोइफिशियंट त्याच्यावर चालतील, मग जादा रक्कम `|0.3x + 0.5y|` होते.

बिगएम_भक्त
पण निम्मं मशीनमुळे आणि निम्मं जॉबच्या मालामुळे असेल तर? माझं मत, सरळ बॉक्स ठेवा, म्हणजे प्रत्येक कोइफिशियंटची रेंज आत्तासारखी सुटीच धरा.

गोंधळलेला_गणक
माझ्याकडे दोन्ही जॉबच्या नोंदी वेगवेगळ्या शीटमध्ये आहेत, रेंजही वेगवेगळीच काढली होती. पाळीप्रमाणे जुळवून बघतो दोन्ही एकदम वाढतात का. निम्मं-निम्मं निघालं तर काय करायचं हे मात्र अजून कळलं नाही, कुणी केलं असेल तर सांगा.