पहाटेचं रनिंग, हवा आणि आपली जिम (सोसायटी ग्रुपवरून)

निखिल (बी-४०२): मानसीताई, उद्या माझे ८०० मीटरचे सहा इंटरव्हल आहेत. हाफ मॅरेथॉनला जेमतेम महिना उरलाय. आज पहाटे अ‍ॅपवर एक्यूआय १४० होता, म्हणजे ‘मध्यम’. म्हणून गेलो, पण आल्यापासून खोकला थांबत नाहीये. उद्या बाहेर करू की जिममध्ये?

मानसीताई (ए-७०१): निखिल, तो १४० धावायचा निर्णय घ्यायला उपयोगाचा नाही. आपल्याकडचा एक्यूआय गेल्या २४ तासांच्या सरासरीवर निघतो. त्यात काल दुपारची बरी हवाही मिसळलेली असते. तू पहाटे सहाला श्वास घेतोस तो सहाच्या हवेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वेबसाइटवर आपलं चेंबूरचं केंद्र निवड आणि हवेतल्या बारीक कणांचा, म्हणजे पीएम २.५ चा, ताशी आकडा बघ. आज सकाळी सहाला तो घनमीटरला ११२ मायक्रोग्रॅम होता. काल दुपारी चारला ४५.

निखिल: एवढा फरक? मला वाटायचं पहाटे गाड्या नसतात, म्हणजे हवा स्वच्छ.

मानसीताई: मुंबईच्या हिवाळ्यात उलटं असतं. रात्री जमीन थंड होते, तिच्या लगतची हवाही थंड होते आणि वरच्या उबदार थराखाली अडकून राहते. वाराही पडलेला असतो. रात्रभरचा धूर-धूळ त्या पातळ थरात साचत जाते. ऊन चढलं की थर फुटतो, दुपारी समुद्रावरचा वारा येतो आणि आकडा उतरतो. म्हणून डिसेंबर-जानेवारीत पहाटे पाच ते नऊ ही बहुतेक दिवशी सगळ्यात वाईट वेळ, आणि दुपारी तीन ते पाच त्यातल्या त्यात बरी.

जोशी काका (ए-१०३): मग माझं साडेपाचचं फिरणंही बंद करायचं का? मला दमा आहे, पण न फिरता दिवस जात नाही.

मानसीताई: काका, फिरणं बंद नको, वेळ बदला. सध्या साडेचारला निघा, संध्याकाळी. आणि पूर्व द्रुतगती मार्गाकडे नको, आतल्या गल्ल्यांतून बागेत जा. मोठ्या रस्त्यापासून शे-दोनशे मीटर आत आलं तरी गाड्यांचा धूर बराच कमी होतो. इनहेलर खिशात असू द्या. फिरताना छाती आवळल्यासारखी वाटली की तिथेच थांबा. पंप घेऊनही आराम पडला नाही तर वाट न बघता डॉक्टर.

निखिल, तुझ्यासाठी हिशोब मांडते, म्हणजे कळेल मी इंटरव्हलबद्दलच का अडून बसते. बसलेला माणूस मिनिटाला ६-७ लिटर हवा घेतो. काकांच्या चालीत साधारण २०, तुझ्या सावकाश धावण्यात ५०, आणि इंटरव्हलमध्ये ९० च्या पुढे. ४० मिनिटांचं जोरदार सेशन म्हणजे ३६०० लिटर, ३.६ घनमीटर हवा. ती ११२ ची असेल तर जवळपास ४०० मायक्रोग्रॅम कण आत गेले. तेच एक तास सावकाश धावणं दुपारच्या ४५ च्या हवेत केलंस, तर ३ घनमीटर गुणिले ४५, म्हणजे १३५. वेळ जास्त, तरी एक-तृतीयांशच. शिवाय जोरात धावताना आपण तोंडाने श्वास घेतो, नाकाची गाळणी वापरली जात नाही.

ऋतुजा (सी-२०५): म्हणजे नेमका आकडा किती झाला की आत यायचं? आमच्या अथर्वचं फुटबॉल सकाळी सातला असतं.

मानसीताई: मी माझ्या रनर्सना देते तो नियम सांगते. त्या तासाचा पीएम २.५ साठाच्या खाली असेल तर ठरलेलं सेशन बाहेर. ६० ते ९० मध्ये बाहेर फक्त सावकाश, तेही तासाच्या आत. जोराचं काम आत. ९० च्या वर बाहेर धावायचंच नाही. दमा, हृदयाचा त्रास, लहान मुलं आणि साठीच्या पुढचे यांनी प्रत्येक पायरी आधी थांबायचं. अथर्वसाठी ६० लाच सेशन हलवायला कोचशी बोल. साठ म्हणजे हवा चांगली असं नाही हं, २४ तासांसाठी आपल्या देशाची मर्यादा ६० आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेची १५. या शहरात सराव चालू ठेवायचा म्हणून काढलेली ही रेघ आहे.

आणि कुठलं अ‍ॅप बघता तेही तपासा. काही अ‍ॅप अमेरिकन मोजपट्टी दाखवतात. निखिलचा १४० तिथे १६० च्या आसपास दिसेल, हवा तीच. म्हणून मायक्रोग्रॅमच बघा.

निखिल: एन-९५ लावून धावलो तर?

मानसीताई: चालायला उत्तम, काकांनीही वापरावा. इंटरव्हलला नाही. घामाने ओला झाला की श्वास ओढायला जड जातो, आपण नकळत सैल करतो आणि कडेने सगळं आत येतं. वायू तर तो अडवतच नाही.

देसाई, सेक्रेटरी: जिम सगळ्यांना खुली आहे. खिडक्या उघड्या ठेवायला सांगितलंय, हवा खेळती राहावी म्हणून.

मानसीताई: देसाई काका, नेमकं तिथेच अडतंय. आज साडेसहाला कण मोजायचा मीटर घेऊन जिममध्ये गेले होते. बाहेर ११०, आत ९८. पार्किंगकडच्या खिडक्या उघड्या आणि एक्झॉस्ट फॅन चालू. तो फॅन आतली हवा बाहेर फेकतो आणि तेवढीच पार्किंगमधली आत ओढतो. कोपऱ्यातला प्युरिफायर चालू होता, पण त्याचं काही चालत नव्हतं. नुसता एसी लावूनही फायदा नाही, स्प्लिट एसी तीच हवा फिरवून थंड करतो, बारीक कण गाळत नाही.

आपली जिम २० बाय १५, उंची १०. म्हणजे ३००० घनफूट, ८५ घनमीटर. तासाला पाच वेळा हवा गाळली जायला हवी, तर प्युरिफायरचा सीएडीआर, म्हणजे तासाला किती घनमीटर हवा साफ करतो तो आकडा, सव्वाचारशे लागतो. आपल्याकडच्यावर २२० लिहिलंय. तसाच दुसरा लागेल.

देसाई, सेक्रेटरी: सगळं बंद केलं तर गुदमरायला नाही होणार?

मानसीताई: बरोबर शंका आहे. कार्बन डायऑक्साइड प्युरिफायर काढत नाही. म्हणून एका वेळी चारच जण, आणि दोन बॅचच्या मध्ये दहा मिनिटं जिन्याकडचं दार उघडं, पार्किंगकडचं नाही. पहिल्या बॅचच्या पाऊण तास आधी प्युरिफायर फुल स्पीडवर. मीटर बाहेरच्या एक-तृतीयांशाच्या खाली आला की सुरू. येत नसेल तर फिल्टर भरलाय किंवा फटी राहिल्यात. दाट धुकं असेल त्या दिवशी हातातला मीटर जास्त दाखवतो, तेव्हा बाहेरचा आकडा केंद्राचा धरा. आणि सकाळी देवाऱ्यापुढची उदबत्ती जिममध्ये नको, कृपया.

निखिल: मग उद्या ट्रेडमिलवर सहा ८००?

मानसीताई: उद्या नाही. खोकला आहे तोवर जोराचं काही नाही. उद्या दुपारी जमलं तर अर्धा तास चाल. शुक्रवारी उठल्यावर खोकला नसेल आणि नेहमीच्या सावकाश वेगाला नाडी नेहमीएवढीच असेल, तर ट्रेडमिलवर १ टक्का चढ ठेवून चार ८०० कर, समोर टेबल फॅन लावून. आत वारा नसतो, अंग लवकर तापतं, म्हणून सहाऐवजी चार. नाडी दहा-बारा ठोके जास्त दिसली तर तेही सोड. आठवडाभरात खोकला गेला नाही तर छाती तपासून घे.

रविवारचा १६ किलोमीटर मात्र बाहेरच करू. सुट्टी आहे, साडेतीनला निघू. निघण्याआधी आकडा मी टाकते. ६० च्या वर असेल तर लाँग रन पुढच्या रविवारी.

देसाई, सेक्रेटरी: एक्झॉस्ट आत्ताच बंद करायला लावला. खिडक्यांना रबर पट्टी बसवायला उद्या माणूस येतोय. दुसऱ्या प्युरिफायरचा खर्च शनिवारच्या मीटिंगमध्ये ठेवतो, कोटेशन कोणी आणेल का?

ऋतुजा: मी आणते. सीएडीआर २२० च्या खाली नको, बरोबर ना ताई?

मानसीताई: हो, आणि सुटा फिल्टर केवढ्याला पडतो तेही विचार. या हवेत तो लवकर भरतो.