पंधराशे दिले म्हणजे आवाज विकत घेतला का?

नवीपेठकर: सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेसाठी एका बाईंकडून चाळीस सेकंदांची जाहिरात बोलून घेतली, १५०० रुपये रोख दिले. दिवाळीला त्याच रेकॉर्डिंगवरून एआयने आवाज बनवून चादरींचे अकरा व्हिडिओ काढले. आता बाई प्रत्येक व्हिडिओचे पैसे मागतायत. एकदा पैसे मोजल्यावर पुन्हा कसले पैसे वो?

माईकमागची: त्या बाई मी नव्हे, पण हे वाचून चहा गार झाला. तुम्ही चाळीस सेकंदांच्या बोलण्याचे पैसे दिलेत, गळ्याचे नाही. मागच्या वर्षी अक्कलकोटच्या मामेबहिणीनं मला टॉवेलची जाहिरात पाठवली, "किती छान बोललीस" म्हणून. मी बोललेच नव्हते. पण "सोळा"चं "सोला" झालेलं, आणि मागे बारीक घरघर. आमच्या भिंतीपलीकडे पॉवरलूम आहे. खिडकी उघडी ठेवून मी एकच जाहिरात केली होती, तीच घरघर क्लोनमध्ये उतरली! कुठली फाइल वापरली ते तिथंच कळलं.

नवीपेठकर: ताई, आवाजाला कॉपीराइट नसतो. वकिलाला विचारून आलोय.

तारीखपेतारीख: वकिलांनी अर्धंच सांगितलं. नुसत्या आवाजाला कॉपीराइट नाही, बरोबर. पण अरिजित सिंगच्या दाव्यात मुंबई उच्च न्यायालयानं २०२४ मध्ये त्याच्या परवानगीशिवाय एआयनं त्याचा आवाज बनवण्यावर अंतरिम मनाई दिली, ती व्यक्तिमत्त्वाच्या हक्कावर. शिवाय कॉपीराइट कायद्यात कलाकाराचे हक्क वेगळे आहेत. ते लिहून घ्यावे लागतात, आणि मुदत लिहिली नाही तर पाचच वर्षं धरतात. तुमच्याकडे कागद आहे का?

नवीपेठकर: व्हॉट्सॲपवर "ओके" आहे.

तारीखपेतारीख: कशाला ओके? गड्ड्याच्या जाहिरातीला. क्लोनचा शब्द तरी आहे का त्यात? मात्र एक कबूल करतो, अरिजित प्रसिद्ध आहे. गल्लीतल्या निवेदिकेला कोर्ट तेवढंच संरक्षण देईल का, यावर मी पैज लावणार नाही.

कटपेस्ट: आवाजाचं सोडा, एडिटरचं कोण बघणार? याच पेठेत सहा व्हिडिओ करून दिले, सव्वा वर्ष "उद्या या" चाललंय. गेलो की चहा पाजतात, शेंगाचटणीचं पाकीट देतात, पैसे नाहीत.

नवीपेठकर: माझ्याकडे कुणाचं बाकी नाही बे! उलट एडिटर मूळ फाइल देत नाहीत, प्रत्येक दुरुस्तीला पाचशे मागतात.

कटपेस्ट: कारण तुम्ही लोक भाव बदलला की रात्री अकराला फोन करता. "फक्त एक आकडा बदल." तो आकडा तीन ठिकाणी असतो, लगा!

माईकमागची: त्या आकड्यासाठीच क्लोन केला ना? मला बोलावलं असतं तर पाच मिनिटांत "चारशे नव्वद" म्हणून गेले असते.

कटपेस्ट: ताई, तुम्ही तरी लगेच पैसे घेऊन जाता. आम्हाला आधी फाइल द्यावी लागते. मी आता कोपऱ्यात नाव टाकूनच दाखवतो, नाव काढायचे पैसे आधी.

नवीपेठकर: तरीच तुमच्याकडे कुणी येत नाही.

गावाकडचा: वडील वारले. त्यांचा आवाज जत्रेच्या जुन्या कॅसेटवर आहे. मोठा भाऊ तो आमच्या हॉटेलच्या जाहिरातीत वापरायचा म्हणतो, आईला पटत नाही. हे चालतं का?

तारीखपेतारीख: विषय वेगळा आहे, पण आधी आईला विचारा. रहमाननं दिवंगत गायकांचे आवाज एआयनं वापरले तेव्हा घरच्यांची परवानगी घेऊन मानधन दिल्याचं सांगितलं होतं. तुमच्या घरातच एक जण नको म्हणतोय.

नवीपेठकर: बरं, मग द्यायचे तरी किती? प्रत्येकी १५०० धरले तर साडेसोळा हजार. तेवढ्यात नवीन बाई आणून बोलून घेतलं असतं.

माईकमागची: मग आणायचं होतं! मी असते तर तयार झालेल्या व्हिडिओंना निम्मा दर लावला असता, कारण स्टुडिओत यावं लागलं नाही. ७५० गुणिले अकरा, ८२५०. पुढचं हवं असेल तर कागदावर: फक्त चादरी, फक्त तुमचं दुकान, एक वर्ष, संहिता आधी मला दाखवायची, आणि मुदत संपली की क्लोन अन् मूळ फाइल दोन्ही उडवायच्या. माझ्या तोंडून उद्या गुटखा विकला गेला तर?

नवीपेठकर: क्लोन एडिटरच्या लॅपटॉपवर आहे. त्यानं दुसऱ्या दुकानाला दिला तर मी काय करू?

कटपेस्ट: आलं परत एडिटरवर.

तारीखपेतारीख: काम तुम्ही सांगितलं, म्हणून बाई आधी तुमच्याकडेच येणार. एडिटरकडूनही लिहून घ्या. उडवला हे सिद्ध कसं करायचं, ते मात्र मलाही नीट सुचत नाही.

नवीपेठकर: ८२५० जास्तच आहेत. पाच हजारांवर बोलतो बाईंशी. आमच्या व्हिडिओतल्या "सोला"वरूनपण गिऱ्हाईकं हसत होती म्हणा.